देणगी मोहिमेचं कॅप्शन कसं लिहायचं: एक आकडा आणि एकच पुढचं पाऊल

संस्थेची मोहीम सुरू झाली की कॅप्शन लिहायचं काम बहुतेक वेळा शेवटच्या क्षणी कुणाच्या तरी गळ्यात पडतं, आणि मग अहवाल उघडून त्यातले सगळे मोठे आकडे एका पोस्टमध्ये कोंबले जातात आणि शेवटी "सढळ हाताने मदत करा" असं लिहून मोकळं व्हायचं. मी गेली काही वर्षं छोट्या संस्थांसाठी हे काम करतेय आणि माझा अनुभव असा आहे की असं कॅप्शन लोक वाचतात, लाइक करतात, हात जोडल्याचा इमोजी टाकतात आणि पुढे जातात. देणगी येत नाही. वाचणाऱ्याचं मन कोरडं असतं असं नाही, त्या मजकुरात त्याला पकडायला काही मिळत नाही आणि नेमकं काय करायचं तेही कळत नाही.

इथे मी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेणार आहे. समजा एक छोटी संस्था आहे, ती शाळांमध्ये जाऊन मुलांचे डोळे तपासते आणि ज्यांना नंबर लागला त्यांना चष्मा करून देते. यातले सगळे आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, आणि रकमेपुढे मी चलन लिहिलेलं नाही, ते तुमचं तुम्ही टाका.

आधी आकडा कुठून आणायचा ते बघू

कॅप्शन लिहायला बसण्याआधी हिशोबाची वही घेऊन बसा. खरंच. कॅप्शनचं अर्धं काम तिथेच होतं, आणि ज्या माणसाकडे खर्चाचा हिशोब आहे त्याला शेजारी बसवलं तर अजून बरं.

आपल्या संस्थेने मागच्या वर्षी १८४० मुलं तपासली. त्यातल्या २१२ जणांना चष्म्याची गरज निघाली. प्रत्यक्षात चष्मा हातात पडला १९६ मुलांच्या, कारण काही मुलं शाळा बदलून गेली, काही वाटपाच्या दिवशी आलीच नाहीत. तीन महिन्यांनी परत जाऊन बघितलं तेव्हा १५१ मुलं चष्मा घालत होती.

आता यातला कुठला आकडा कॅप्शनला लावायचा? मीटिंगमध्ये विचारलं तर दहातले नऊ जण १८४० म्हणतील, कारण तो सगळ्यात मोठा आहे. पण १८४० मुलांचे फक्त डोळे तपासले गेले, त्यातल्या बहुतेकांना काही गरजच नव्हती, त्यामुळे हा आकडा संस्थेची धावपळ सांगतो, मुलाच्या आयुष्यात काय बदललं ते सांगत नाही. १९६ जरा बरा, पण तोही वस्तू वाटल्याचा आकडा आहे. खरा बदल १५१ मध्ये दिसतो, कारण चष्मा दप्तरात पडून राहिला तर फळा दिसत नाहीच.

तरीसुद्धा मी कॅप्शनला १५१ पण लावणार नाही. तो अहवालाला लावा, देणगीदारांना वर्षाच्या शेवटी जो मेसेज जातो त्यात लावा, तिथे तो फार मोलाचा आहे. मोहिमेच्या कॅप्शनला लागतो तो एका माणसाच्या मापाचा आकडा, म्हणजे एका मुलासाठी काय लागतं.

याला कारण आहे. २००७ मध्ये डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना ५ डॉलर दिले आणि त्यातले हवे तेवढे दान करा म्हणून सांगितलं. काही जणांना आफ्रिकेतल्या उपासमारीचे मोठमोठे आकडे वाचायला दिले, काहींना माली देशातल्या एका सात वर्षांच्या मुलीबद्दल सांगितलं, आणि काहींना दोन्ही एकत्र दिलं. नुसते आकडे वाचलेल्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, एका मुलीबद्दल वाचलेल्यांनी २.३८. पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो तिसरा गट, ज्यांना मुलगी आणि आकडेवारी दोन्ही दिलं होतं, त्यांनी १.४३ दिले. म्हणजे एका मुलीच्या गोष्टीला लाखोंची आकडेवारी जोडली की देणगी वाढायच्या ऐवजी खाली आली.

मग आकडा टाकूच नये का? टाकायचा, पण तो त्या एका मुलाच्या शेजारी उभा राहील असा हवा. "इतक्या हजार मुलांना दिसत नाही" हा आकडा वाचणाऱ्याला छोटं करतो, माझ्या एवढ्याशा देणगीने काय होणार असं त्याला वाटतं. "एका मुलाच्या चष्म्याला इतके लागतात" हा आकडा त्याच्या हातात मावतो.

एका मुलाचा खर्च प्रामाणिकपणे काढा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून थोडं थांबून सांगते.

आपल्या संस्थेला फ्रेम आणि काच मिळून एक चष्मा २५० ला पडतो. लगेच कुणीतरी लिहितं "फक्त २५० मध्ये एका मुलाला दृष्टी द्या". आकडा छोटा आहे, गोल आहे, छान वाटतो. पण तो खरा नाही. चष्मा काही आपोआप मुलाच्या नाकावर जाऊन बसत नाही, तपासणारे डोळ्यांचे जाणकार लागतात, त्यांची फी असते, शाळेपर्यंत जाण्यायेण्याचा खर्च असतो, तीन महिन्यांनी परत जावं लागतं, तुटलेली काडी बदलावी लागते.

सगळा खर्च मांडला तर असं दिसतं. १९६ चष्म्यांचे ४९,०००. तपासणाऱ्यांची फी २४,०००. प्रवास १४,०००. परत भेट आणि दुरुस्ती ११,०००. एकूण ९८,०००. आता याला १९६ ने भागायचं, म्हणजे ज्यांना प्रत्यक्ष चष्मा मिळाला त्या मुलांच्या संख्येने, तपासलेल्या १८४० ने नाही. उत्तर येतं ५००. म्हणजे खरा खर्च बरोब्बर दुप्पट आहे.

१८४० ने भागलं तर त्रेपन्न-चोपन्न येतात आणि मोह होतो की "फक्त ५४ मध्ये एका मुलाची मदत". पण त्या ५४ मध्ये चष्मा येत नाही, एका तपासणीचा वाटा येतो, आणि पोस्टवर फोटो मात्र चष्मा घातलेल्या मुलाचा असतो. वाचणारा फोटो आणि आकडा जोडूनच वाचतो, त्यामुळे दोन्हींनी एकच गोष्ट सांगायला हवी.

मी सुरुवातीला एका संस्थेसाठी असंच नुसत्या वस्तूच्या किमतीचं कॅप्शन लिहून दिलं होतं. मोहीम चांगली चालली, पण नंतर एका नेहमीच्या देणगीदार काकांनी शांतपणे विचारलं की मी दहा मुलांचे पैसे दिले, तुमच्या अहवालात भागाकार केला तर पाचच मुलांचे होतात, बाकीचे कुठे गेले? गडबड काहीच नव्हती, बाकीचे तपासणीला आणि प्रवासालाच गेले होते, पण कॅप्शनने तसं सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी पूर्ण खर्चाशिवाय एकही आकडा लिहिलेला नाही.

एका परिस्थितीत मात्र २५० लिहिता येतात. एखाद्या मोठ्या देणगीदाराने फी, प्रवास आणि परत भेटीचा खर्च आधीच उचलला असेल तर तसं सांगून लिहा: "तपासणी आणि प्रवासाचा खर्च एका देणगीदाराने दिलाय, तुमचे २५० पूर्णपणे चष्म्याला जातात." यामागे अभ्याससुद्धा आहे. उरी ग्नीझी, एलिझाबेथ कीनन आणि आयलेट ग्नीझी यांनी २०१४ मध्ये दाखवलं की प्रशासनाचा खर्च आधीच कुणीतरी भरलाय असं कळलं की लोक जास्त देतात. पण तो खर्च खरंच भरलेला असेल तरच हे लिहायचं, नाहीतर साधे ५०० लिहा आणि त्यात काय काय आलं ते एका ओळीत सांगा.

अजून एक. भागाकाराचं उत्तर ४८७ आलं तर ५०० लिहायला हरकत नाही, वर नेलेला गोल आकडा चालतो. ५३० आलं तर ते ५०० करू नका, कारण मग प्रत्येक मुलामागे ३० कमी पडतात आणि ते कुठून तरी आणावे लागतात.

आता पुढचं पाऊल ठरवा, कॅप्शनच्या आधी

आकडा ठरला की लगेच लिहायला घेऊ नका, आधी हे ठरवा की कॅप्शन वाचून संपल्यावर माणसाने अंगठ्याने नेमकं काय दाबायचं आहे. एकच गोष्ट. "देणगी द्या, शेअर करा, आमच्या पेजला फॉलो करा, स्वयंसेवक व्हा, अधिक माहितीसाठी संपर्क साधा" अशी पाच कामं सांगितली की माणूस त्यातलं सगळ्यात सोपं निवडतो, म्हणजे शेअर, किंवा काहीच नाही. देणगी हवी असेल तर देणगीच मागा. स्वयंसेवक हवे असतील तर त्याची वेगळी पोस्ट करा, दुसऱ्या दिवशी.

चांगल्या पावलात चार गोष्टी असतात: काय करायचं, कुठे करायचं, किती, आणि कधीपर्यंत. "बायोमधली लिंक उघडा, ५०० निवडा, ३० तारखेच्या आत" यात चारही आल्या. "आपल्या मदतीची अपेक्षा आहे" यात एकही नाही.

तारीख खरी हवी. चष्म्यांची ऑर्डर ३० तारखेला काच बनवणाऱ्या लॅबकडे जाते म्हणून ३०, असं कारण असेल तर तेही सांगा, लोकांना ते पटतं. उगाच "शेवटचे काही तास" लिहून मग चार दिवसांनी मुदत वाढवली की पुढच्या वेळी तुमची तारीख कुणी खरी मानणार नाही.

आणि आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. कॅप्शनमध्ये ५०० लिहिलंत आणि लिंक उघडल्यावर पेजवर १०००, २५००, ५००० असे पर्याय दिसले तर काम तिथेच अडतं. माणूस चष्मा द्यायला आला होता, पेजवर चष्म्याचा उल्लेखच नाही, ५०० कुठे टाकायचे ते शोधावं लागतंय, तेवढ्यात फोन वाजतो आणि तो निघून जातो. त्यामुळे ज्याच्याकडे पेमेंट पेजचं काम आहे त्याला सांगून ५०० आधीच निवडलेले दिसतील असं करून घ्या आणि शेजारी "एका मुलाचा चष्मा" हेच शब्द टाका, जे कॅप्शनमध्ये आहेत तेच. मग संस्थेबाहेरच्या कुणाला तरी, शक्यतो घरातल्या वयस्कर माणसाला, त्याच्याच फोनवर मोबाईल डेटावर ती लिंक उघडायला द्या आणि काही न बोलता बघत बसा. ते जिथे अडखळतील तिथे बाकीचे लोक सोडून जातायत असं समजा.

लिंक कुठे टाकायची हे ज्या त्या ठिकाणावर अवलंबून आहे. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबता येत नाही, ती नुसती अक्षरं म्हणून पडून राहते, त्यामुळे तिथे "बायोमधली लिंक" असं सांगावं लागतं, किंवा स्टोरीत लिंकचं स्टिकर लावावं लागतं. फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये लिंक थेट दाबता येते, तिथे "बायो" लिहिलं तर वाचणारा गोंधळतो. एकच कॅप्शन सगळीकडे कॉपी-पेस्ट केलं की नेमकी हीच चूक होते, आणि ही चूक मी मोठ्या संस्थांच्या पोस्टमध्येही बघते.

लिहायला बसलात की पहिली ओळ आधी

इन्स्टाग्राम फीडमध्ये साधारण पहिली सव्वाशे अक्षरंच दाखवतं, बाकीचं "more" दाबल्यावर दिसतं. पूर्ण कॅप्शनची मर्यादा २२०० आहे पण त्याचा उपयोग तेव्हाच जेव्हा कुणी ते बटण दाबेल. इथे देवनागरीत लिहिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं, आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते मशीनला एक नसतं. "चष्मा" हा शब्द आपल्याला दोन अक्षरी वाटतो पण मोजणीत तो पाच भरतो, कारण च, ष, हलन्त, म आणि काना असे पाच तुकडे मोजले जातात. म्हणजे तुमच्या अंदाजापेक्षा ओळ लवकर कापली जाते. एक्सवर साध्या खात्याला २८० ची मर्यादा आहे तिथेही असंच होतं, म्हणून तिथे टाइप करतानाच मोजणीच्या गोलाकडे नजर ठेवा.

तर पहिल्या ओळीत काय? संस्थेचं नाव नाही, स्थापनेचं वर्ष नाही, "आम्हाला कळवण्यास आनंद होतो की" तर मुळीच नाही. पहिल्या ओळीत एक मूल आणि एक आकडा.

आपल्या संस्थेचं पहिलं कॅप्शन असं होतं:

"आमच्या संस्थेने गेल्या वर्षी १८४० विद्यार्थ्यांची नेत्रतपासणी केली, २१२ विद्यार्थ्यांमध्ये दृष्टिदोष आढळला, १९६ चष्म्यांचे वाटप करण्यात आले. यावर्षी हे कार्य अधिक व्यापक करण्याचा आमचा मानस आहे. आपल्या अमूल्य सहकार्याची अपेक्षा. पोस्ट शेअर करा, पेज फॉलो करा."

यात खोटं काहीच नाही, पण तीन आकडे आहेत आणि एकही मूल नाही. "वाटप करण्यात आले" यात कुणी केलं, कुणाला मिळालं ते गायब आहे. आणि पैसे द्यायचे असतील तर कुठे ते नाहीच.

दुसरा प्रयत्न असा:

"फक्त ५०० मध्ये एका मुलाचं आयुष्य बदला! बायोमधली लिंक."

हे छोटं आहे, आकडा एकच आहे, पाऊलही अर्धं आहे, पण "आयुष्य बदला" हे कुठल्याही मोहिमेला चिकटवता येतं, शाळेच्या दप्तरालाही आणि रोपट्यालाही. ५०० चं काय होतं तेच यात नाही. शिवाय "फक्त" हा शब्द मी काढायलाच लावते, कारण ५०० कुणासाठी फक्त आहेत आणि कुणासाठी नाहीत हे आपण ठरवू नये.

तिसरं, जे आम्ही ठेवलं असतं:

"फळा दिसत नाही म्हणून ती दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घ्यायची. तिचा चष्मा ५०० मध्ये झाला.

तपासणी, फ्रेम, काच आणि नंतर शाळेत जाऊन ती चष्मा घालतेय ना ते बघणं, सगळं धरून.

पुढच्या मुलाचा चष्मा तुम्ही द्या. बायोमधली लिंक उघडा, ५०० आधीच निवडलेले दिसतील, पेमेंट पूर्ण करा. ऑर्डर ३० तारखेला लॅबकडे जाते.

मुलाला चष्मा मिळाला की तुम्हाला मेसेज करू. गरजेपेक्षा जास्त रक्कम जमली तर ती पुढच्या शाळेच्या तपासणीला वापरू."

पहिल्या दोन वाक्यांची मशीनच्या मोजणीने पंच्याऐंशीच्या आसपास अक्षरं होतात, म्हणजे बटण न दाबताही मूल आणि आकडा दोन्ही दिसतात. ५०० दोनदा आलाय पण तो एकच आकडा आहे, एकदा काय झालं ते सांगायला आणि एकदा काय करायचं ते सांगायला. ३० ही तारीख पावलाचा भाग आहे म्हणून ती चालते. बाकीचे १८४०, २१२, १९६ कुठेही नाहीत आणि त्यांची आठवणही येत नाही.

शेवटची दोन वाक्यं बऱ्याच जणांना अनावश्यक वाटतात, मला ती फार गरजेची वाटतात. "मेसेज करू" हे वचन आहे, म्हणून कुणाच्या फोनवरून, कोण, कधी करणार हे ठरलं असेल तरच लिहा, नाहीतर काढून टाका. आणि जास्त रकमेचं वाक्य यासाठी की "५०० म्हणजे एक चष्मा" असं लिहून घेतलेला पैसा देणगीदाराच्या दृष्टीने चष्म्यासाठीच असतो, बऱ्याच ठिकाणी कायद्याच्या दृष्टीनेही विशिष्ट कामासाठी घेतलेली देणगी दुसरीकडे वळवता येत नाही, त्यामुळे उरलं तर काय करणार हे घेण्याआधीच सांगितलेलं बरं. तुमच्या संस्थेचा हिशोब तपासणाऱ्या माणसाला हे वाक्य एकदा दाखवून घ्या.

आणि ती मुलगी. ती खरी हवी. दोन-तीन मुलांच्या गोष्टी मिसळून एक मुलगी तयार करू नका, आणि तिच्या पालकांनी हे शब्द वाचून हो म्हटलेलं असू द्या. चेहरा दिसायलाच हवा असं नाही, नावही नको, शाळेचं नाव तर नकोच. वरच्या कॅप्शनला मागून काढलेला, वहीवर वाकलेल्या डोक्याचा फोटोसुद्धा पुरतो. गोष्टीत दया नको, तपशील हवा. "बिचारी", "दुर्दैवी", "अंधारात चाचपडणारी" असले शब्द मुलीने मोठी झाल्यावर वाचले तर तिला कसं वाटेल हा विचार करा. वहीतून उतरवून घ्यायची हे वाक्य तिच्या हुशारीबद्दलसुद्धा काहीतरी सांगतं, म्हणून ते ठेवलं.

मोहीम चालू असताना आकडा बदलतो

पहिल्या आठवड्यात ५०० हाच आकडा. पण समजा यंदा १८० चष्मे लागणार आहेत आणि ११२ चे पैसे जमले, तर आता नवीन पोस्टमध्ये आकडा बदलून "अजून ६८ मुलं" असा करता येतो. लोवेनस्टीन यांचाच सिंथिया क्रायडर आणि हॉवर्ड सेल्टमन यांच्यासोबतचा २०१३ चा एक अभ्यास सांगतो की लक्ष्य जवळ आलं की लोक जास्त मदत करतात, कारण आपल्या देणगीने काम पूर्ण होताना दिसतं. म्हणूनच उरलेला आकडा मोहीम अर्ध्याच्या पुढे गेल्यावर लावायचा. सुरुवातीलाच "१८० पैकी १७३ बाकी" लिहिलं तर मोहीम रिकामी वाटते.

त्या पोस्टमध्ये ६८ हा मुख्य आकडा, ५०० फक्त पावलात. पहिल्या ओळीत दोन्ही आणू नका. आणि ६८ रोज अपडेट करायला माणूस नसेल तर लिहूच नका, कारण तीन दिवसांनी तेच कॅप्शन वाचणाऱ्याला अजूनही ६८ च दिसणार.

बिघडलंय कुठे ते कसं ओळखायचं

दोन कॅप्शनमधलं कुठलं चाललं हे लाइकवरून ठरवू नका. प्रत्येक कॅप्शनला वेगळी लिंक द्या, पेज तेच, फक्त शेवटी खूण वेगळी. असं:

```
https://example.org/chashma?utm_source=instagram&utm_content=ek-mulgi
https://example.org/chashma?utm_source=whatsapp&utm_content=ajun-68
```

इन्स्टाग्रामवर बायोमध्ये एका वेळी जी लिंक असेल तीच सगळ्या पोस्टना लागू होते, म्हणून तिथे दोन कॅप्शनची तुलना करायची तर एका आठवड्यात एक, दुसऱ्या आठवड्यात दुसरं, आणि लिंकची खूण त्याबरोबर बदलायची. अगदी शास्त्रशुद्ध तुलना होत नाही ही, पण छोट्या संस्थेला दिशा कळायला पुरते. दहा-बारा देणग्यांच्या फरकावरून मात्र मोठा निष्कर्ष काढू नका, तेवढा फरक पगाराच्या तारखेनेही पडतो.

मग बघायचं काय? पोस्ट खूप जणांनी बघितली पण लिंक कुणी उघडली नाही तर घोळ कॅप्शनमध्ये आहे, बहुतेक पहिल्या ओळीत किंवा पाऊल शेवटी गाडलं गेलंय. लिंक उघडली पण पैसे आले नाहीत तर कॅप्शनला हात लावू नका, पेज बघा, रक्कम जुळतेय का, शब्द जुळतायत का, फोनवर पेमेंटचं बटण दिसतंय का. कमेंटमध्ये "कसे पाठवायचे?" असं दोघांनी जरी विचारलं तर पाऊल अस्पष्ट आहे, विचारणारे दोन असतात आणि न विचारता गेलेले कितीतरी. "५०० मध्ये चष्मा कसा काय, आमच्याकडे तर जास्त लागतात" किंवा "चष्मा तर स्वस्त मिळतो, ५०० कशाला" असं कुणी विचारलं तर रागावू नका, तो माणूस आकडा गांभीर्याने वाचतोय. त्याला तिथेच खर्चाची फोड लिहून द्या: चष्मा २५०, आणि उरलेल्या २५० मध्ये तपासणी, प्रवास, परत भेट आणि दुरुस्ती. हे उत्तर बाकीचे गप्प वाचणारेही वाचतात, आणि माझ्या अनुभवात अशा उत्तराखाली देणग्या आलेल्या आहेत.

कमी देणारेही असतात. "माझ्याकडे १०० आहेत, चालतील का?" याला उत्तर तयार ठेवा, "हो, पाच जणांचे १०० मिळून एक चष्मा होतो, पेजवर दुसरी रक्कम टाकायची जागा आहे." आणि तशी जागा पेजवर खरंच ठेवा.

मोहीम संपली की दोन कामं उरतात

पहिलं, जुनी पोस्ट एडिट करा. १८० चष्म्यांचे पैसे जमले तर पहिल्या ओळीच्या वर लिहा: "या वर्षीचे सगळे चष्मे झाले, धन्यवाद. आता येणारी देणगी पुढच्या शाळेच्या तपासणीला जाईल." पोस्ट महिनोन्‌महिने फिरत राहते, कुणीतरी सहा महिन्यांनी ती बघून ३० तारखेचं वाक्य वाचतं आणि संस्था झोपलीय की काय असं त्याला वाटतं. लिंकही तपासा, मोहीम संपल्यावर पेज बंद केलं आणि बायोमधली लिंक तशीच राहिली असं सर्रास होतं.

दुसरं, तीन महिन्यांनी परत भेट झाली की तोच आकडा पुन्हा घेऊन या, या वेळी पैसे न मागता. "तुम्ही ५०० दिले होते. आम्ही परत जाऊन बघितलं. चष्मा मिळालेल्या दर चार मुलांमधली तीन तो रोज घालतायत. जी घालत नाहीत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या फ्रेम सैल झाल्या होत्या, त्या आम्ही तिथेच बसवून दिल्या." चौथं मूल घालत नाही हे लपवू नका, देणगीदाराला ते कळलेलं चालतं, आणि फ्रेम बसवून दिली हे वाचून त्याला परत भेटीचे पैसे कशासाठी होते तेही समजतं. या पोस्टखाली देणगीची लिंक टाकू नका, कुणी मागितलीच तर कमेंटमध्ये द्या.